प्रीमियमने दिलेले शेअर्स: अर्जाचे पैसे, वाटपाचे पैसे आणि निर्गम खर्च यांच्या नोंदींबाबत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे जवळपास सगळे प्रश्न एकाच उदाहरणावर चालतात, त्यामुळे आधी ते नीट वाचून घ्या. आकड्यांना चलनाचं चिन्ह लावलेलं नाही. कुठलंही चलन धरलं तरी नोंदी याच राहतात.

एका कंपनीचे 3,00,000 शेअर्स आधीपासून भागधारकांकडे आहेत. आता ती 10 दर्शनी किमतीचे आणखी 1,00,000 शेअर्स प्रत्येकी 14 ला देते आहे, म्हणजे शेअरमागे प्रीमियम 4. अर्जासोबत 5 भरायचे आणि वाटप झाल्यावर 9. सगळा प्रीमियम या 9 मध्येच आहे, नंतरचा कुठलाही हप्ता नाही. प्रत्यक्षात अर्ज आले 1,50,000 शेअर्ससाठी. त्यातले 20,000 शेअर्सचे अर्ज साफ नाकारले आणि उरलेल्या 1,30,000 शेअर्सच्या अर्जदारांना मिळून 1,00,000 शेअर्स प्रमाणात वाटले. 1,300 शेअर्ससाठी अर्ज करून 1,000 मिळालेल्या एका भागधारकाने वाटपाचे पैसे भरलेच नाहीत.

अर्जाचे पैसे बँकेत आले की थेट शेअर भांडवलाला का जमा करायचे नाहीत?

कारण त्या दिवशी कोणी भागधारक झालेला नसतो. अर्ज म्हणजे शेअर घेण्याची तयारी. कंपनीने वाटपाचा ठराव केल्यावरच करार पुरा होतो. तोपर्यंत कंपनीकडे असलेले पैसे अर्जदाराचे आहेत आणि ते परत करावे लागण्याची शक्यता खरीखुरी आहे. आपल्या उदाहरणात 20,000 शेअर्सचे पैसे परत गेलेच.

म्हणून पहिली नोंद अशी:

बँक खाते नावे 7,50,000
शेअर अर्ज खात्याला जमा 7,50,000
(1,50,000 शेअर्स × 5)

इथे गुणाकार अर्ज आलेल्या शेअर्सचा करायचा, विक्रीला काढलेल्या शेअर्सचा नाही. 1,00,000 × 5 करून 5,00,000 लिहिणारे पुष्कळ जण भेटतात. बँकेच्या उताऱ्याशी ताडून पाहिलं की ही चूक लगेच सापडते, पण कागदावरच्या गणितात उतारा नसतो आणि तिथे ती शेवटपर्यंत लपून राहते.

वाटपाच्या दिवशी अर्ज खात्याचं काय होतं?

ते पूर्ण रिकामं होतं. 7,50,000 तीन वाटांनी बाहेर पडतात. वाटलेल्या 1,00,000 शेअर्सचे 5,00,000 भांडवलात जातात. नाकारलेल्या 20,000 शेअर्सचे 1,00,000 अर्जदारांना परत जातात. राहिलेल्या 30,000 शेअर्सचे 1,50,000 हे, ज्यांना मागणीपेक्षा कमी शेअर्स मिळाले त्यांनी जास्तीचे भरलेले पैसे आहेत. ते परत न करता त्यांच्याच वाटपाच्या देण्यात वळते करतात.

शेअर अर्ज खाते नावे 7,50,000
शेअर भांडवल खात्याला जमा 5,00,000
शेअर वाटप खात्याला जमा 1,50,000
बँक खात्याला जमा 1,00,000

काही ठिकाणी याच्या तीन वेगळ्या नोंदी करतात. दोन्ही चालतात. परतावा प्रत्यक्ष दुसऱ्या दिवशी जाणार असेल, तर मात्र तेवढी रक्कम आधी ‘अर्जदारांना देय’ अशा खात्याला जमा ठेवावी, बँकेला नव्हे.

वाटपानंतर अर्ज खात्यात एक आकडाही शिल्लक दिसत असेल तर पुढे जाऊ नका. शिल्लक जमा असेल तर कोणाचा तरी परतावा किंवा वळती रक्कम राहून गेली आहे. नावे असेल तर एखादा परतावा दोनदा गेला आहे, नाहीतर अर्जाची एखादी रक्कम जमा करायचीच राहिली आहे.

प्रमाण 13 ला 10 असेल तर 500 शेअर्सच्या अर्जदाराला किती शेअर्स?

गणिताने 384.6 येतात आणि शेअरचा तुकडा देता येत नाही. म्हणून वाटप करताना शेअर्सची संख्या खाली-वर गोल करावी लागते किंवा ठरावीक संख्येच्या गठ्ठ्यांत शेअर्स द्यावे लागतात. नोंद करणाऱ्याने यातून एवढंच घ्यायचं की आकडे वाटपाच्या यादीवरून उचलायचे, गुणोत्तरावरून नाही. यादीत अर्जदाराचं नाव, मागितलेले शेअर्स, दिलेले शेअर्स, भरलेली रक्कम, वळती केलेली रक्कम आणि बाकी देणं असे रकाने असतात. नोंदीतला 1,50,000 हा आकडा यादीतल्या ‘वळती’ रकान्याची बेरीज असायला हवा. तसा तो नसेल तर नोंदीआधी यादी तपासा.

कधी असंही होतं की एखाद्याने अर्जासोबत इतके जास्त पैसे भरलेले असतात की वाटपाचं सगळं देणं भागूनही काही उरतं. पुढचे हप्ते बाकी असतील आणि कंपनीच्या नियमावलीत तशी सोय असेल तर ते आगाऊ हप्ते म्हणून ठेवता येतात. नाहीतर परत करायचे.

प्रीमियमची नोंद कधी करायची: पैसे आल्यावर की मागितल्यावर?

मागितल्यावर. वाटप झालं की भागधारकाकडून 9 येणं झाले, आणि त्या 9 ची फोड त्याच क्षणी करायची: 5 भांडवल, 4 प्रीमियम.

शेअर वाटप खाते नावे 9,00,000
शेअर भांडवल खात्याला जमा 5,00,000
शेअर प्रीमियम खात्याला जमा 4,00,000

या नोंदीत बँक कुठेच नाही, आणि बऱ्याच जणांना तेच खटकतं. पण भांडवलाचे 5 जर न मिळताही जमा होतात, तर प्रीमियमने वेगळं काय केलंय? दोन्ही एकाच मागणीचे भाग आहेत. पैसे आलेच नाहीत तर ते थकबाकीत दिसतील. त्यासाठी प्रीमियमची नोंद अडवून ठेवायची गरज नाही.

पण प्रीमियम वाटपातच असतो हे कशावरून?

गृहीत धरू नका, माहितीपत्रकातल्या अटी वाचा. बहुतेक वेळा प्रीमियम वाटपासोबत मागतात, म्हणून तशी सवय पडते. अटीत ‘अर्जासोबत 9, त्यात प्रीमियम 4’ असं असेल, तर अर्ज खातं बंद करतानाच प्रत्येक वाटलेल्या शेअरचे 5 भांडवलाला आणि 4 प्रीमियमला जातील. मात्र तिथेही अर्जाचे पैसे आले त्या दिवशी प्रीमियम खात्याला हात लावायचा नाही. वाटपापर्यंत संपूर्ण 9 अर्ज खात्यातच थांबतात. जे शेअर्स दिलेच नाहीत त्यांच्यावर प्रीमियम कसला?

प्रीमियम हा फायदा आहे ना? मग तो नफातोटा पत्रकात का नाही?

शेअर 14 ला ‘विकला’ आणि त्याची किंमत 10, म्हणून 4 नफा, असा विचार सहज मनात येतो. पण कंपनीने इथे माल विकलेला नाही. मालकांनी व्यवसायात पैसे घातले आहेत आणि दर्शनी किंमत ही फक्त एक ठरवलेली रेषा आहे. तीच कंपनी 14 दर्शनी किमतीचे शेअर्स देती तर तेवढेच पैसे आले असते आणि प्रीमियम शून्य असता. मालकाने घातलेला पैसा उत्पन्न नसतो, मग तो रेषेच्या वर असो की खाली.

याचा व्यवहारातला परिणाम असा की प्रीमियम भागभांडवलाच्या शेजारी, पण वेगळ्या ओळीत दिसतो आणि त्यातून लाभांश वाटता येत नाही. त्याचा वापर कशाकशासाठी करायचा हे कायदा ठरवतो. खर्चाच्या प्रश्नात हेच पुढे कामाला येणार आहे.

वाटपाचे पैसे येतात तेव्हा नोंद किती रकमेची?

इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण चुका इथेच होतात.

मागणी 9,00,000 ची. त्यातले 1,50,000 अर्जाच्या जास्तीच्या पैशांतून आधीच वळते झाले. म्हणजे यायला हवेत 7,50,000. एका भागधारकाने भरलेले नाहीत. त्याचं बाकी देणं किती? त्याने 1,300 शेअर्ससाठी 6,500 भरले होते. मिळालेल्या 1,000 शेअर्सच्या अर्जाचे 5,000 गेले, 1,500 वाटपात वळते झाले. वाटपाचं त्याचं देणं 9,000, त्यातून 1,500 वजा, थकले 7,500. म्हणजे रोख यायला हवी 7,42,500.

बँकेच्या उताऱ्यात मात्र 7,14,500 दिसतात. फरक 28,000. वाटपाचे पैसे गोळा करणारी मंडळी अंडररायटरही होती, म्हणजे न खपलेले शेअर्स स्वतः घेण्याची हमी देणारी, आणि त्यांनी आपलं कमिशन कापून उरलेली रक्कम पाठवली. कमिशन निर्गम किमतीच्या 2 टक्के ठरलं होतं, 14,00,000 चे 28,000. हिशेब जुळला.

बँक खाते नावे 7,14,500
शेअर निर्गम खर्च खाते नावे 28,000
थकीत हप्ते खाते नावे 7,500
शेअर वाटप खात्याला जमा 7,50,000

जो फक्त बँकेचा आकडा बघून 7,14,500 ची नोंद करतो, त्याच्या वाटप खात्यात 35,500 शिल्लक उरतात आणि ती भागधारकांची थकबाकी वाटते. मग कोणीतरी स्मरणपत्रं पाठवायला बसतो. यादीत न भरलेला एकच भागधारक आहे आणि तो 7,500 चा देणेकरी आहे, एवढं पाहिलं असतं तर उरलेल्या 28,000 चा माग लगेच लागला असता.

याची उलटी चूकही दिसते. वाटप खातं शून्य व्हावं म्हणून 28,000 प्रीमियम खात्याच्या मूळ जमेतून कापून टाकतात, म्हणजे प्रीमियमची जमा 4,00,000 ऐवजी 3,72,000 दाखवतात. निव्वळ परिणाम शेवटी तोच येईल, हे खरं. पण मग किती प्रीमियम मिळाला आणि खर्च किती झाला हे पुस्तकांतून वाचता येत नाही, आणि कमिशन कायद्याच्या मर्यादेत होतं की नाही हे तपासायला आधार राहत नाही. आधी ढोबळ रक्कम, मग वजावट.

थकीत हप्ते खातं उघडायलाच हवं का?

उघडलंच पाहिजे असं नाही. न उघडल्यास 7,500 वाटप खात्यातच नावे बाकी म्हणून राहतील. पण वेगळं खातं असलं की वाटप खातं बंद होतं आणि पुढच्या हप्त्यांची थकबाकीही एकाच जागी जमते. ताळेबंदात ही रक्कम भागधारकांच्या निधीतून वजा करून दाखवतात. ग्राहकांकडच्या येण्यात ती मिसळू नये.

शेअर्स देण्याचा खर्च कुठे टाकायचा?

आंतरराष्ट्रीय लेखामानक 32 चं उत्तर थोडक्यात असं आहे: नवे शेअर्स दिले नसते तर जो खर्च झालाच नसता आणि जो थेट या शेअर्समुळेच झाला, तो मालकांच्या निधीतून वजा करा, नफातोटा पत्रकात नेऊ नका. कारण सरळ आहे. मालकांकडून पैसा घेताना वाटेत जे गेलं ते मालकांनी कमी दिलं असं समजायचं. धंद्याच्या कामगिरीशी त्याचा संबंध नाही. निधीतल्या कोणत्या खात्यातून वजा करायचं हा कायद्याचा प्रश्न आहे, आणि प्रीमियम असेल तर साधारणपणे तेच खातं वापरतात.

आपल्या कंपनीच्या खर्चावर ही कसोटी लावून पाहू. वकिलांनी माहितीपत्रकासाठी घेतलेले 18,000 बसतात. माहितीपत्रकाची छपाई आणि त्याच्या वैधानिक जाहिराती 14,000, तेही बसतात. अर्ज छाननी करणाऱ्या रजिस्ट्रारचे 10,000 आणि अंडररायटरचे 28,000 यांबद्दल शंकाच नाही. बेरीज 70,000.

वित्त विभागाच्या व्यवस्थापकाने या कामात बराच वेळ घातला, त्याच्या पगाराचे 12,000 या कामाला धरावेत असा प्रस्ताव येतो. नाही. शेअर्स दिले नसते तरी त्याला पगार द्यावाच लागला असता. तो नेहमीच्या पगारखर्चातच राहील. याच निमित्ताने कंपनीने आपल्या उत्पादनांची मोठी जाहिरात केली असेल तर तीही इथे येत नाही, जाहिरातीच्या तळाशी शेअर विक्रीची एक ओळ छापली असली तरी.

नोंदणी शुल्क सगळ्या शेअर्ससाठी मिळून भरलं असेल तर?

हा खरा पेचाचा भाग आहे. समजा कंपनीने याच वेळी जुने आणि नवे असे सगळे 4,00,000 शेअर्स शेअर बाजारात सूचिबद्ध करून घेतले आणि त्यासाठी एकत्र 24,000 भरले. जुने शेअर्स सूचिबद्ध केल्याने कंपनीकडे एक छदामही येत नाही. त्यांची मालकी आधीच वाटलेली आहे. म्हणून त्यांच्या वाट्याचा खर्च नवं भांडवल उभारण्याचा खर्च नव्हे.

मानक सांगतं की असा सामाईक खर्च तर्कसंगत पद्धतीने विभागा आणि सारख्या व्यवहारांना दरवेळी तीच पद्धत लावा. शेअर्सची संख्या हा सर्वात सोपा आधार. नवे 1,00,000, एकूण 4,00,000, म्हणजे चौथा हिस्सा. 6,000 निधीतून वजा, 18,000 नफातोटा पत्रकात.

सगळेच्या सगळे 24,000 प्रीमियममधून कापण्याचा मोह मोठा असतो, कारण त्याने नफा 18,000 ने जास्त दिसतो. लेखापरीक्षकाचा हात सर्वात आधी याच जागी जातो. विभागणीचा कागद नोंदीसोबत जोडून ठेवा.

खर्च वाटपाच्या आधीच झाला असेल तर तो कुठे ठेवायचा?

वकील आणि छपाई यांचे 32,000 अर्ज यायच्या आधीच देऊन झालेले असतात. त्या दिवशी प्रीमियम खातंच जन्माला आलेलं नसतं, मग वजा कशातून करणार? तोपर्यंत ते निर्गम खर्च खात्यात नावे थांबतात:

शेअर निर्गम खर्च खाते नावे 32,000
बँक खात्याला जमा 32,000

वाटपानंतर रजिस्ट्रारचे 10,000 आणि सूचिबद्धतेतले 6,000 याच खात्यात येतात, 18,000 खर्चाला जातात:

शेअर निर्गम खर्च खाते नावे 16,000
सूचिबद्धता खर्च खाते नावे 18,000
बँक खात्याला जमा 34,000

आता निर्गम खर्च खात्यात 32,000, कमिशनचे 28,000 आणि हे 16,000 मिळून 76,000 झाले. ते प्रीमियममध्ये बुडवायचे:

शेअर प्रीमियम खाते नावे 76,000
शेअर निर्गम खर्च खात्याला जमा 76,000

प्रीमियम खात्यात राहिले 3,24,000.

वर्षअखेर मध्येच आली, अर्ज आलेत पण वाटप नाही. ताळेबंदात काय?

अर्जाचे पैसे भांडवलात दाखवायचे नाहीत. जे परत करावे लागणार आहेत ते दायित्व आहे, यात वादच नाही. भारतात कंपनी कायद्याच्या अनुसूची 3 मधल्या नेहमीच्या नमुन्यात, परत न करायच्या अर्जाच्या पैशांना ‘वाटप प्रलंबित’ अशी वेगळी ओळ आहे आणि परत करायचा भाग इतर चालू दायित्वांत जातो. झालेला निर्गम खर्च, वाटप होणार अशी वाजवी खात्री असेल तर, तात्पुरता मालमत्तेच्या बाजूला थांबतो.

आणि शेअर विक्री रद्दच झाली तर?

मग थांबवून ठेवलेला सगळा खर्च त्याच वर्षीच्या नफातोटा पत्रकात. लेखामानक 32 यात पळवाट ठेवत नाही. ‘पुढच्या वर्षी पुन्हा प्रयत्न करू, तेव्हा वजा करू’ हे चालत नाही. एखादं काम पुढच्या विक्रीत जसंच्या तसं उपयोगी पडणार असेल असा दावा करायचा, तर तो त्या कामाच्या कागदांवरून सिद्ध व्हायला हवा, आणि तसं क्वचितच होतं.

हा खर्च पाच वर्षांत थोडाथोडा लिहून टाकतात ना?

जुन्या पुस्तकांत ही पद्धत सापडते: खर्च मालमत्तेच्या बाजूला ‘संकीर्ण खर्च’ म्हणून ठेवायचा आणि दरवर्षी थोडा उडवायचा. आंतरराष्ट्रीय मानकांनुसार हिशेब ठेवणाऱ्या कंपनीला ती वाट बंद आहे. शेअर्स देऊन झाले की या खर्चातून भविष्यात कंपनीला वेगळं काही मिळणार नसतं, मग त्याला मालमत्ता कशी म्हणणार?

प्रीमियममधून खर्च वजा करायला कायदा परवानगी देतो का?

देश बदलला की उत्तर बदलतं, आणि बारीक शब्दांत बदलतं. ब्रिटनच्या 2006 च्या कंपनी कायद्यात कलम 610 प्रीमियममधून त्याच शेअर्सच्या निर्गमाचा खर्च आणि त्याच निर्गमावरचं कमिशन वजा करू देतं. मागच्या निर्गमाचा राहिलेला खर्च या प्रीमियमवर टाकता येत नाही.

भारताच्या 2013 च्या कंपनी कायद्यात कलम 52 आहे. त्याचं उपकलम 2 शेअर्स किंवा कर्जरोखे यांच्या कोणत्याही निर्गमाचा खर्च, कमिशन आणि दिलेली सूट लिहून टाकू देतं, शिवाय कंपनी स्थापनेचा प्राथमिक खर्चही. पण ज्या वर्गातल्या कंपन्यांना उपकलम 3 लागू होतं त्यांच्यासाठी दार अरुंद आहे: खर्च फक्त समभागांच्या निर्गमाचा हवा, आणि स्थापनेचा खर्च त्या यादीत नाही. म्हणून नोंद करण्याआधी आपली कंपनी कोणत्या उपकलमात मोडते ते पाहा. जुन्या उदाहरणांच्या जोरावर कर्जरोख्यांचा खर्च समभागांच्या प्रीमियममध्ये ढकलणं ही नेहमी दिसणारी चूक आहे.

शेअर्स दर्शनी किमतीलाच दिले, प्रीमियम नाही. मग खर्च कशातून?

मानकाच्या दृष्टीने तो निधीतूनच वजा होतो, बहुधा राखून ठेवलेल्या नफ्यातून. शेअर भांडवल खात्यातून मात्र कधीही वजा करू नका. ते दिलेल्या शेअर्सच्या दर्शनी किमतीइतकंच राहिलं पाहिजे.

सगळं बरोबर झालं हे एका नजरेत कसं कळेल?

मी दोन बाजूंनी तपासतो. शेअर्समुळे निधी किती वाढला? भांडवल 10,00,000, प्रीमियम 3,24,000, त्यातून थकबाकी 7,500 वजा, एकूण 13,16,500. आता बँक: अर्जाचे 7,50,000 आले, 1,00,000 परत गेले, वाटपाचे 7,14,500 आले, खर्चाचे 32,000 आणि 34,000 गेले. शिल्लक 12,98,500. दोन्हींत फरक 18,000 चा, आणि तो नेमका नफातोटा पत्रकात गेलेला सूचिबद्धता खर्च. फरकाला नाव देता आलं नाही तर कुठेतरी गडबड आहे.

तो न भरणारा भागधारक शेवटपर्यंत भरत नसेल तर प्रीमियमचं काय?

नियमावलीप्रमाणे नोटीस देऊन त्याचे 1,000 शेअर्स जप्त करता येतात. प्रश्न एवढाच की त्याच्याकडून प्रीमियम मिळाला होता का. त्याने वाटपात फक्त 1,500 दिले आणि प्रथेनुसार ते आधी भांडवलाच्या भागात धरतात. म्हणजे त्याचा 4,000 प्रीमियम मिळालेलाच नाही, आणि न मिळालेला प्रीमियम जप्तीच्या वेळी उलटवायचा असतो.

शेअर भांडवल खाते नावे 10,000
शेअर प्रीमियम खाते नावे 4,000
थकीत हप्ते खात्याला जमा 7,500
जप्त शेअर्स खात्याला जमा 6,500

6,500 म्हणजे त्याने आजवर भरलेली सगळी रक्कम. त्याने वाटपाचे पैसे पूर्ण भरले असते आणि नंतरचा एखादा हप्ता चुकवून शेअर्स जप्त झाले असते, तर प्रीमियम खात्याला हात लागला नसता. एकदा मिळालेला प्रीमियम जप्तीनंतरही कंपनीकडेच राहतो.

जप्तीनंतर प्रीमियमची बाकी 3,20,000 होते. निर्गम खर्चाचे 76,000 मात्र तसेच राहतात. शेअर्स जप्त झाले म्हणून वकिलाचं बिल काही कमी होत नाही.